सभेची नोटीस : एक दिवस आणि दोन नावे कमी पडली तेव्हा

गेल्या अंकात अनेकांनी विचारले होते की संस्थेचे कागद कसे ठेवावेत यावर एक पाठ लिहावा. सगळ्या कागदांवर एका पाठात लिहिता येणार नाही. म्हणून मी एकच कागद घेतला आहे, कार्यकारी मंडळाच्या सभेची नोटीस. हाच का, तर त्यात मी स्वतः चुकले आहे आणि त्या चुकीमुळे आमच्या वसतिगृहाचे बँक खाते चार महिन्यांहून जास्त काळ अडकले होते.

आमची संस्था लहान आहे. किनवट तालुक्यातल्या गोंड, कोलाम आणि आंध मुलांसाठी एक वसतिगृह चालते. नियमावलीप्रमाणे कार्यकारी मंडळ ११ जणांचे. काही जण किनवट-माहूरकडचे, काही नांदेड शहरातले, तिघे लातूर जिल्ह्यातले. मी सचिव. खात्यावर अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष या तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या चालत. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष वारले. फेब्रुवारीत कोषाध्यक्षांनी प्रकृतीमुळे लेखी राजीनामा पाठवला. सह्या करणारी मी एकटी उरले, म्हणजे खाते बंदच. ताबडतोब सभा घेऊन दोन्ही पदे भरणे भाग होते.

मी शनिवार, ८ मार्च २०२५ ही तारीख ठरवली आणि १ मार्चला नोटिसा काढल्या. किनवटच्या सदस्यांना त्याच दिवशी हातात दिल्या. बाकीच्यांना फोन केला आणि नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. २ मार्चला रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सभेची जाहिरातही केली. उदगीरचे एक ज्येष्ठ सदस्य, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो, गुडघ्याच्या दुखण्याने घरीच होते. ते येणार नाहीत हे ठाऊक होते, म्हणून त्यांना उगाच त्रास नको असे मी ठरवले. कोषाध्यक्षांनी राजीनामा दिलाच होता, त्यांनाही पाठवली नाही. सभेला सहा जण आले. दुपारी तीनची गाडी पकडायची म्हणून एक जण मधूनच उठले. साडेतीनला पाच जणांनी नवे अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष एकमताने निवडले. आम्ही प्रार्थना केली, चहा घेतला आणि काम झाले असे समजून घरी गेलो.

मे महिन्यात धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. त्यावर हरकत आली ती काकांची. मी उदगीरला त्यांच्या घरी गेले. त्यांना राग नव्हता, वाईट वाटले होते. म्हणाले, ‘‘बाई, मी आलो नसतो हे खरं. पण येऊ नका असं तुम्ही कसं ठरवलंत? मला पत्र आलं असतं तर मी माझं मत लिहून पाठवलं असतं.’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आमच्या वकिलांनी फाईल पाहून सांगितले की हरकत काढून घेतली तरी हा अर्ज टिकणे कठीण आहे. काकांची नोटीस हा एकच दोष नव्हता. मोजले तर पाच निघाले. ते एकेक करून सांगते.

आकडा कुठे लिहिलेला असतो

पहिली गोष्ट अशी की नोटीस किती दिवसांची हवी, हे मी आठवणीवर सोडले होते. ‘सात दिवस’ एवढेच डोक्यात. आपल्यापैकी बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली विश्वस्त संस्था म्हणूनही त्यांची नोंद आहे. कार्यकारी मंडळाच्या नेहमीच्या सभेला किती दिवसांची सूचना आणि किती जणांची गणपूर्ती, हे १८६० च्या कायद्यात शोधून सापडणार नाही. ते तुमच्या मंजूर नियमावलीत असते आणि तोच आकडा तुम्हाला बांधून ठेवतो. शेजारच्या संस्थेची नोटीस पाहून आपली काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

कायद्यात एका विशेष प्रसंगाचा आकडा मात्र आहे. संस्थेचे उद्देश बदलायचे किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचे असेल तर कलम १२ प्रमाणे प्रस्ताव लेखी किंवा छापील स्वरूपात प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या १० दिवस आधी जायला हवा, तीन-पंचमांश मते हवीत आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तो तीन-पंचमांशांनी पुन्हा कायम करावा लागतो. पदाधिकारी निवडायला हे लागत नाही. पण उद्देश बदलताना काही संस्था दुसरी सभाच विसरतात, म्हणून सांगितले.

आमच्या नियमावलीत शब्द होते, ‘सभेपूर्वी सात स्पष्ट दिवसांची लेखी सूचना’. त्यातल्या ‘स्पष्ट’ या शब्दाकडे माझे लक्षच गेले नव्हते. स्पष्ट दिवस मोजताना नोटीस मिळाल्याचा दिवस धरत नाहीत आणि सभेचा दिवसही धरत नाहीत. मधले पूर्ण दिवस तेवढे मोजायचे. मी १ मार्चला नोटीस दिली, सभा ८ मार्चला. आठातून एक गेला, सात राहिले, असे मी मोजले. प्रत्यक्षात मधले दिवस २ ते ७ मार्च, म्हणजे सहाच. ज्यांच्या हातात मी स्वतः नोटीस दिली त्यांच्या बाबतीतही एक दिवस कमी होता. नोटीस २८ फेब्रुवारीला हातात असायला हवी होती.

सोपी पद्धत अशी की कॅलेंडर घेऊन सभेच्या आदल्या दिवसापासून मागे बोट ठेवत सात मोजायचे. सातव्या दिवसाच्याही आदला दिवस हा नोटीस हातात पडण्याचा शेवटचा दिवस. पोस्टाने जाणार असेल तर त्याच्याही आधी प्रवासाचे दिवस सोडायचे. किनवटहून टाकलेले पत्र आधी नांदेडला आणि मग लातूर जिल्ह्यात जाते; मध्ये सुट्टी आली तर आणखी लांबते. आम्ही आता पोस्टाच्या नोटिसा सभेच्या किमान १५ दिवस आधी टाकतो.

नोटीस कोणाला आणि कशी

नोटीस मंडळावरच्या प्रत्येकाला जायला हवी. जो नेहमी येतो त्याला, जो कधीच येत नाही त्याला, आजारी असलेल्याला आणि ज्याच्याशी आपले जमत नाही त्याला तर आधी. ‘तो आला असता तरी निकाल तोच लागला असता’ हे उत्तर चालत नाही.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा एक निकाल प्रसिद्ध आहे, परमेश्वरी प्रसाद गुप्ता विरुद्ध भारत सरकार. प्रकरण एका विमा कंपनीचे. डिसेंबर १९५३ मध्ये तिच्या संचालक मंडळाने जनरल मॅनेजरला कामावरून काढण्याचा ठराव केला, पण एका संचालकाला त्या सभेची नोटीसच गेली नव्हती. न्यायालयाने म्हटले की सर्व संचालकांना नोटीस देणे आवश्यक आहे आणि एकाला जरी ती दिली नसेल तरी त्या सभेतला ठराव वैध धरता येत नाही. मात्र आठवड्याभरात रीतसर सभा घेऊन मंडळाने ती कारवाई कायम केली होती, म्हणून ती टिकली. प्रकरण कंपनीचे असले तरी संस्थांच्या वादातही हेच तत्त्व पुढे येते. त्यातला दुसरा भाग आम्हाला पुढे उपयोगी पडला.

काकांची चूक मला लगेच पटली. कोषाध्यक्षांची पटायला वेळ लागला. त्यांनी तर राजीनामा दिला होता! पण आमच्या नियमावलीत लिहिले आहे की राजीनामा मंडळाने स्वीकारल्यावर अमलात येतो. मंडळाची सभाच झाली नव्हती, तर स्वीकारणार कोण? म्हणजे ८ मार्चला ते सदस्यच होते आणि त्यांनाही नोटीस जायला हवी होती. तुमची नियमावली वेगळी असू शकेल, काही ठिकाणी राजीनामा पोचताच अमलात येतो. शंका असेल तर नोटीस पाठवून द्यावी. जास्तीच्या एका नोटिशीने सभा अडचणीत येत नाही.

आता कशी पाठवायची ते. रविवारची जाहिरात ही आपल्या मंडळ्यांची जुनी सवय आहे आणि प्रार्थनासभेसाठी ती पुरते. नियमावलीत ‘लेखी सूचना’ म्हटले असेल तर तोंडी जाहिरात नोटीस होत नाही. व्हॉट्सॲपचेही तसेच. नियमावलीत त्याची तरतूद नसेल तर ती आठवण समजावी, नोटीस नव्हे. जरूर पाठवा, पण कागदाच्या जोडीला. हातपोच असेल तर कार्यालयीन प्रतीवर सदस्याची सही आणि तारीख त्याच्याच हाताने घ्या. पोस्टाने असेल तर पावती जपून ठेवा आणि पाकिटावर संस्थेच्या नोंदीतला पत्ता पूर्ण लिहा. बऱ्याच जुन्या नियमावल्यांत ‘यू.पी.सी.ने’ असे लिहिलेले आढळते. ती सोय पोस्टाने २०११ मध्येच बंद केली आहे. तिथे पावती मिळणारी दुसरी पोस्टसेवा वापरावी आणि पुढे नियमावली दुरुस्त करून घ्यावी.

गणपूर्ती

आमची गणपूर्ती ‘एकूण सदस्यसंख्येच्या निम्मे’. मी हिशेब केला तो असा : एक वारले, एकांनी राजीनामा दिला, राहिले नऊ. निम्मे साडेचार, म्हणजे पाच. निवडीच्या वेळी पाच हजर, झाले. वकिलांनी नियमावलीचे पान उघडून दाखवले. तिथे मंडळाची ‘एकूण सदस्यसंख्या ११’ असे स्पष्ट होते. अकराचे निम्मे साडेपाच, अर्धा माणूस नसतो, म्हणून सहा. रिकाम्या जागा वजा करायच्या की नाही हे शब्दांवर अवलंबून असते. शब्द संदिग्ध असतील तर मोठा आकडा धरणे सुरक्षित, कारण सहा जण आले तर पाचही आलेच.

सभा सुरू झाली तेव्हा सहा जण होतेच, असे मी म्हणून पाहिले. पण ज्या विषयावर ठराव होतो त्या वेळी खोलीत किती जण आहेत हे पाहिले जाते. आमच्या हजेरीपत्रकावर सहा सह्या होत्या, मात्र इतिवृत्तात मीच प्रामाणिकपणे लिहिले होते की अमुक सदस्य तीन वाजता निघाले. लिहिले हे बरोबरच केले, चुकले ते निवडीचा विषय शेवटी ठेवला हे. दूरच्या सदस्यांच्या गाडीची वेळ पाहून विषयांचा क्रम लावायचा, हे आता मी आधी करते.

मार्चच्या नोटिशीत मी आणखी एक वाक्य घातले होते : ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.’ हे वाक्य मराठवाड्यातल्या निम्म्या नोटिशींत दिसते. मीही ते एका ओळखीच्या संस्थेच्या नोटिशीतून उतरवले होते. आमच्या नियमावलीत तहकूब सभेसाठी तीन दिवसांची नवी सूचना सांगितली आहे. नियमावलीत आधार नसेल तर हे वाक्य नोटिशीत लिहून अधिकार निर्माण होत नाही. आधार असेल तरी तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घ्यायचे, नवे नाहीत.

आपले काही कार्यकर्ते गावच्या वनहक्क समितीचे काम पाहतात, त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट. वनहक्काच्या ग्रामसभेची गणपूर्ती संस्थेच्या नियमावलीवर नसते. ती २००८ च्या वनहक्क नियमांत आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने बदलली आहे. ग्रामसभेच्या सर्व सदस्यांपैकी निम्मे हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे तरी हवेत. समजा गावात २४० प्रौढ आहेत आणि ३० दावे आहेत. तर १२० जण हवेत. बरोबर १२० आले तर त्यांत ४० बाया हव्यात आणि १५ दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. तीन आकडे वेगवेगळे मोजावे लागतात, म्हणून दवंडी देताना दावेदारांच्या घरी वेगळा निरोप द्यावा आणि हजेरीत स्त्रियांच्या सह्या-अंगठ्यांसाठी वेगळे पान ठेवावे. नंतर एकत्र यादीतून स्त्रिया मोजत बसणे फार कटकटीचे होते.

विषयपत्रिका आणि सोबतचे कागद

मार्चच्या माझ्या नोटिशीत तीन विषय होते : मागील इतिवृत्त, ‘संस्थेच्या कामकाजाबाबत चर्चा’ आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. निवडणूक कुठेच नव्हती! सगळ्यांना फोनवर सांगितले होते ना, असे मला वाटले. ज्याला फोन लागला नाही त्याने ती नोटीस वाचून काय समजावे? विषयपत्रिका वाचून घरी बसलेल्या सदस्याला ठरवता आले पाहिजे की या सभेला जाणे जरूर आहे की नाही. पदाधिकारी निवडणे, कोणाला काढणे, जमीन किंवा इमारतीचा व्यवहार, खात्यावरच्या सह्या हे विषय ऐनवेळच्या विषयांत कधीही घेऊ नयेत. ऐनवेळी फारतर आभाराचा किंवा शोकाचा ठराव घ्यावा.

कागदांचेही असेच. ज्या कागदावर मत द्यायचे तो कागद नोटिशीबरोबर गेला पाहिजे. सभेत हिशेबाचा तक्ता हातोहात फिरवला की कोणी वाचत नाही, सगळे माना डोलावतात. घरी आधी मिळाला की लातूरच्या आमच्या एका निवृत्त शिक्षक सदस्यांसारखे कोणीतरी बेरीज तपासून येतात. त्यांनी या वेळी किराणा खर्चात एकदा दोनदा लिहिलेली रक्कम काढून दाखवली.

दुसरी नोटीस

मार्चच्या सभेवर पांघरूण घालत बसण्यापेक्षा आम्ही आधीचा अर्ज मागे घेतला आणि सर्व पुन्हा केले. सभा शनिवार, १९ जुलै २०२५ ला ठरवली. मागे मोजले : १८ ते १२ जुलै हे सात स्पष्ट दिवस, म्हणजे ११ जुलैपर्यंत नोटीस हातात हवी. ३ जुलैला पोस्टात टाकल्या. अध्यक्ष नसल्याने नियमावलीप्रमाणे उपाध्यक्षांच्या लेखी संमतीने मी सभा बोलावली आणि तसे नोटिशीत लिहिले. ती नोटीस नावे काढून इथे देते. नमुना म्हणून वापरा, पण आकडे तुमच्या नियमावलीतून घाला.

जा. क्र. १४/२०२५, दिनांक ३ जुलै २०२५
प्रति, कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य (दहा जणांची नावे व पत्ते)
विषय : कार्यकारी मंडळाच्या विशेष सभेची सूचना

सप्रेम नमस्कार. मा. उपाध्यक्षांच्या दि. १ जुलै २०२५ च्या लेखी संमतीने आपणांस कळविण्यात येते की, संस्थेच्या कार्यकारी मंडळाची विशेष सभा शनिवार, दि. १९ जुलै २०२५ रोजी सकाळी ११ वाजता वसतिगृहाच्या सभागृहात, किनवट येथे होईल. नियमावलीप्रमाणे सभेस सात स्पष्ट दिवसांची सूचना आवश्यक असून सभेची गणपूर्ती सहा सदस्यांची आहे. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करून नियमावलीप्रमाणे नवी सूचना काढण्यात येईल. सभेपुढे पुढील विषय आहेत :

१. दि. १४ डिसेंबर २०२४ च्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
२. मा. अध्यक्षांच्या निधनाची नोंद घेणे व कोषाध्यक्षांच्या दि. २० फेब्रुवारी २०२५ च्या राजीनाम्यावर निर्णय घेणे.
३. दि. ८ मार्च २०२५ च्या सभेच्या सूचनेत व गणपूर्तीत त्रुटी असल्याने त्या सभेतील निवड रद्द समजणे.
४. अध्यक्ष व कोषाध्यक्ष या पदांची निवडणूक करणे.
५. बँक खात्यावर सह्या करण्याचे अधिकार ठरविणे.
६. दि. ८ मार्च ते १५ जून २०२५ या काळात वसतिगृहासाठी उधारीने घेतलेल्या किराणा व औषधांच्या खर्चास कार्योत्तर मंजुरी देणे.
७. बदल अर्ज दाखल करण्याचा अधिकार सचिवांस देणे.

सोबत : डिसेंबरच्या इतिवृत्ताची प्रत, मृत्यू दाखल्याची प्रत, राजीनाम्याची प्रत, बँकेच्या पत्राची प्रत, खर्चाचा तक्ता, नियमावलीतील सभा व गणपूर्तीविषयीचे पान.
आपली, (सही) सचिव

तिसरा आणि सहावा विषय पाहा. १९५३ च्या त्या कंपनीने सदोष सभेतला निर्णय रीतसर सभेत कायम केला. आम्ही खर्चाच्या बाबतीत तेच केले, कारण किराणा आला होता, मुलांनी जेवण केले होते, तो व्यवहार मागे घेता येत नाही. निवडीच्या बाबतीत मात्र आम्ही जुनी निवड कायम करण्याऐवजी नवीन निवडणूक घेतली. ज्या दोघांना मार्चमध्ये नोटीस गेली नव्हती त्यांना उमेदवार सुचवण्याची किंवा स्वतः उभे राहण्याची संधी मिळायला हवी होती, आणि जुनी निवड नुसती कायम करून ती मिळाली नसती.

सभेला आठ जण आले. काका आले ते मुलाबरोबर, नांदेडला मुक्काम करून, दुसऱ्या दिवशी आदिलाबादकडे जाणाऱ्या गाडीने. निवडणूक आम्ही साडेबारालाच घेतली. मार्चमध्ये निवडलेलेच अध्यक्ष पुन्हा निवडून आले, कोषाध्यक्ष मात्र बदलले. काकांनी सुचवलेल्या बाई निवडून आल्या. म्हणजे ‘निकाल तोच लागला असता’ हे माझे म्हणणेही खरे नव्हते.

फाईलमध्ये काय राहिले

कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. १९ जुलैपासून ९० वा दिवस १७ ऑक्टोबरला येत होता. आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच दिला. उशीर झाल्यास विलंब माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याला कारण द्यावे लागते.

अर्जाबरोबर जोडलेले आणि मूळ स्वरूपात आमच्याकडे ठेवलेले कागद असे : नोटिशीची कार्यालयीन प्रत, त्यावर चार जणांच्या हातपोच सह्या, बाकीच्या सहा जणांच्या पोस्टाच्या पावत्या, जावक नोंदवहीच्या त्या पानाची प्रत, उपाध्यक्षांचे संमतीचे पत्र, हजेरीपत्रक, ठरावासह इतिवृत्त, नव्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रे, राजीनाम्याची मूळ प्रत आणि मृत्यू दाखला. पावत्यांवरची शाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढून मागे चिकटवली आहे. इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली त्या क्षणी किती सदस्य हजर होते हा आकडा लिहिला आहे. कोणी मधून उठले तर किती वाजता, तेही.

बँकेने नव्या सह्या मान्य करण्यासाठी ठरावाची प्रत आणि बदल अर्ज दाखल झाल्याची पोच मागितली. तुमची बँक आणखी काही मागू शकते, म्हणून सभेआधीच त्यांना लेखी विचारून ठेवा आणि ते पत्र नोटिशीसोबत जोडा. ऑगस्टमध्ये खाते सुरू झाले. दुकानदाराची उधारी आधी फेडली. ३ जुलैच्या नोटिशीची एक प्रत मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे आणि तिच्या शेजारी मार्चमधली जुनी.